सगळ्या पायऱ्या बरोबर, फक्त मायनस उलटा: इंटिग्रेशनच्या पेपरआधी करायच्या तपासण्या

तुझ्या सराव पेपरचे फोटो नीट पाहिले. कुठे कोणती मेथड लावायची हे तुला कळतं, सूत्रंही पाठ आहेत. तरीही डेफिनिट इंटिग्रेशनमधले गुण गेलेत, आणि जवळपास सगळे चिन्हापायी गेलेत. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत बारावीच्या मुलांचे पेपर तपासायला बसले की हाच बिघाड समोर येतो. फक्त वही बदलते. त्यामुळे कुठे आधी बघायचं याचा एक क्रम हाताला बसलाय, तो तुला लिहून पाठवते. ज्याला पेनही लागत नाही ते आधी घेतलंय आणि ज्याला अर्धं पान लागतं ते शेवटी.

लक्षणं

खालच्यापैकी एकही दिसलं तर चिन्हावर संशय घ्यायचा:

- मागच्या पानावरचं उत्तर आणि तुझं उत्तर हुबेहूब सारखं, पण एका टर्मला प्लसऐवजी मायनस.
- फंक्शन पूर्ण इंटर्व्हलभर पॉझिटिव्ह आहे आणि उत्तर निगेटिव्ह आलंय, किंवा शून्य आलंय.
- खालची लिमिट शून्य आहे, आणि तू खालच्या लिमिटची किंमत लिहिलेलीच नाही.
- चार पर्यायांत तुझं उत्तर सापडलं, पण त्याच्या शेजारीच तेच उत्तर उलट्या चिन्हाचंही आहे.

शेवटचं लक्षण सगळ्यात महागडं. मोठ्या गणितात चिन्ह चुकलं तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. बोर्डाच्या पहिल्या प्रश्नातल्या दोन-दोन गुणांच्या पर्यायांत आणि सीईटीत पायऱ्या कोणी बघत नाही. शिवाय तिथे पेपर काढणाऱ्याने चुकीच्या चिन्हाचं उत्तर मुद्दाम पर्यायात ठेवलेलं असतं. म्हणून "पर्यायात आहे म्हणजे बरोबर असणार" हा पुरावा धरायचा नाही.

पुढच्या बहुतेक तपासण्या मी तुझ्याच पेपरमधल्या एका गणितावर करून दाखवते:

∫ x² sin x dx, लिमिट 0 ते π/2

तुझं उत्तर आहे π + 2. पुस्तकातलं आहे π − 2.

पहिली तपासणी: उत्तर शक्य तरी आहे का?

याला पेन लागत नाही. निफाडहून एसटीत येताना तोंडी करता येते, सवयही तिथेच लागेल.

आधी फक्त चिन्ह बघ. 0 ते π/2 मध्ये x² पॉझिटिव्ह, sin x पॉझिटिव्ह, लिमिटही लहानाकडून मोठ्याकडे. म्हणजे उत्तर पॉझिटिव्हच यायला हवं. π + 2 पॉझिटिव्ह आहे, π − 2 सुद्धा पॉझिटिव्ह आहे. इथे ही चाळणी दोघांनाही सोडते. बहुतेक मुलं इथेच थांबतात, म्हणून ही तपासणी निरुपयोगी आहे असं त्यांना वाटतं.

आता आकार बघ. sin x कधीही 1 च्या वर जात नाही, म्हणून x² sin x कायम x² पेक्षा लहान किंवा फार तर त्याच्याइतकं. x² चं इंटिग्रेशन तुला झोपेतही येतं: x³/3. त्यात π/2, म्हणजे साधारण १.५७ टाकलंस की १.२९ च्या आसपास येतं. आपलं उत्तर याच्यापेक्षा मोठं असूच शकत नाही. π + 2 म्हणजे ५.१४. गेलं बाद. π − 2 म्हणजे १.१४, ते बसतं.

यात गणित पुन्हा सोडवलं नाही, एकही पायरी तपासली नाही, तरी उत्तर चुकलंय हे पक्कं कळलं. sin किंवा cos ला 1 ने झाकायचं, आणि उरलेल्याचं सोपं इंटिग्रेशन करायचं. हे जमलं नाही तर त्याहून ढोबळ मार्ग आहे: फंक्शनची जास्तीत जास्त किंमत गुणिले इंटर्व्हलची लांबी. इथे तो आकडा ३.८८ च्या आत येतो. π + 2 त्यातही सापडतं. पण कोणी π असं उत्तर काढलं असतं तर ३.१४ या ढोबळ चाळणीतून निसटलं असतं आणि बारीक चाळणीत अडकलं असतं. म्हणून शक्य तिथे बारीक लावायची.

एक गोष्ट लक्षात ठेव. ही तपासणी उत्तर चूक आहे एवढंच सांगते, बरोबर आहे असं कधीच सांगत नाही.

दुसरी तपासणी: फरक काढ आणि अर्धा कर

ही फक्त सरावाच्या वेळी चालते, कारण तिला पुस्तकातलं उत्तर लागतं. पण बिघाड नेमका कुठे आहे हे इतक्या पटकन दुसरी कोणतीही तपासणी सांगत नाही.

एखाद्या टर्मचं चिन्ह उलटलं तर उत्तर त्या टर्मइतकं चुकत नाही, तिच्या दुपटीने चुकतं. +2 च्या जागी −2 लिहिलं की फरक 4 चा पडतो. म्हणून तुझ्या उत्तरातून पुस्तकातलं उत्तर वजा कर आणि निम्मं कर. इथे (π + 2) − (π − 2) = 4, निम्मे 2. आता वहीत 2 किंमत असलेली टर्म शोध. π/2 टाकल्यावर 2x sin x ची किंमत π येते, ती नाही. 0 टाकल्यावर 2 cos x ची किंमत 2 येते. सापडली. पेन घेऊन फक्त त्या टर्मच्या मागे मागे जायचं, पूर्ण गणित वाचायचं नाही.

अभ्यासिकेतल्या एका मुलीने याच गणिताचं उत्तर π काढलं होतं. तिचा फरक 2, निम्मे 1. 1 किंमतीची टर्म वहीत कुठेच नाही. पण 2 ची आहे. म्हणजे तिचं चिन्ह उलटलं नव्हतं, ती टर्मच लिहायची राहिली होती. फरक टर्मच्या दुप्पट असेल तर चिन्ह उलटलंय, टर्मइतकाच असेल तर टर्म गळलीये. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. गळलेल्या टर्मसाठी तू मायनस शोधत बसलास तर तासभर शोधशील.

आणि निम्मा फरक जर आख्ख्या उत्तराइतकाच आला, म्हणजे तुझं पूर्ण उत्तरच उलट्या चिन्हाचं असेल, तर आतल्या टर्म्स बघूच नकोस. बाहेरचा मायनस हरवलाय नाहीतर लिमिट उलट्या झाल्यात. त्यासाठी पाचव्या तपासणीकडे जा.

तिसरी तपासणी: खालची लिमिट आणि ब्रॅकेट

माझ्यासमोर येणाऱ्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त बिघाड इथेच निघतात. म्हणून इथे थोडं थांब.

x² sin x चं इंटिग्रेशन नीट लिहिलं तर असं दिसतं:

∫ x² sin x dx
= x²(−cos x) − ∫ 2x(−cos x) dx
= −x² cos x + 2 ∫ x cos x dx
= −x² cos x + 2 [ x sin x − ∫ sin x dx ]
= −x² cos x + 2 [ x sin x − (−cos x) ]
= −x² cos x + 2x sin x + 2 cos x

यातले मायनस मोज. एक मायनस बाय पार्ट्सच्या सूत्राचा स्वतःचा आहे, तो प्रत्येक वेळी येतो. दुसरा sin x च्या इंटिग्रेशनमधून आलेला, तो −cos x ला चिकटलेला असतो. हे दोन शेजारी आले की मुलं मनातल्या मनात प्लस करतात आणि पुढच्या ओळीवर जातात. तुझ्या वहीत शेवटच्या दोन ओळी एकत्र आहेत: तू थेट 2x sin x − 2 cos x लिहिलंयस. −(−cos x) कागदावर उतरलंच नाही, म्हणून ते प्लस झालंच नाही.

इलाज साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. इंटिग्रेशन केल्यावर मायनस आला तर तो ब्रॅकेटमध्येच उतरवायचा, आणि ब्रॅकेट सोडवायची ओळ वेगळी लिहायची. त्या ओळीत दुसरं काही करायचं नाही. बाहेरचा 2 आत गुणणं, चिन्ह सोडवणं आणि लिमिट टाकणं ही तीन कामं तू एका ओळीत करतोस. जागा वाचवू नकोस, पुरवणी मिळते.

मग लिमिट टाकताना:

[ 0 + π + 0 ] − [ 0 + 0 + 2 ] = π − 2

दुसरा ब्रॅकेट पूर्ण लिहायचा, त्यातली शून्यंही लिहायची. "खालची लिमिट 0 आहे म्हणजे सगळं 0" हे x च्या पॉवर असतील तिथे चालतं. cos 0 = 1 आहे आणि e⁰ = 1 आहे, तिथे नाही. उत्तर π काढणाऱ्या मुलीची टर्म नेमकी इथेच गळली होती. वहीत cos किंवा e दिसलं आणि खालची लिमिट 0 असली की मी तरी आधी दुसरा ब्रॅकेटच बघते.

आणि तुझ्या उत्तराचं काय झालं ते बघ. शेवटची टर्म −2 cos x धरलीस, म्हणून दुसऱ्या ब्रॅकेटमध्ये −2 आलं, आणि −(−2) तू अगदी बरोबर +2 केलंस. लिमिटची पायरी निर्दोष आहे, चूक तिच्या दोन ओळी वर आहे. म्हणूनच शेवटची ओळ पुन्हापुन्हा तपासून तुला काही मिळालं नाही.

चौथी तपासणी: उलटं डिफरन्शिएट कर

याला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून चार गुणांच्या गणितालाच वापर. इथे पुस्तकातलं उत्तर लागत नाही, त्यामुळे परीक्षेत खरी भिस्त हिच्यावर.

लिमिट टाकायच्या आधीचं उत्तर घे आणि डिफरन्शिएट कर. मूळ फंक्शन परत मिळायला हवं. पण सगळं सोपं करत बसू नकोस, त्यात नवीन चिन्हं चुकतात. प्रॉडक्ट रूलने टर्म्स लिही आणि x ची एक किंमत टाक. तुझं −x² cos x + 2x sin x − 2 cos x घेतलं तर:

−2x cos x + x² sin x + 2 sin x + 2x cos x + 2 sin x

x = π/2 टाक. cos च्या टर्म्स शून्य, उरलं π²/4 + 2 + 2. मूळ x² sin x ची तिथली किंमत फक्त π²/4 आहे. 4 जास्त आले. पुन्हा तोच नियम: निम्मे 2. तिथे 2 देणाऱ्या टर्म्स दोन आहेत, एक 2x sin x मधून आलेली आणि एक −2 cos x मधून. संशयित दोन, तर दुसरी किंमत टाकून बघ. x = π ला sin शून्य होतो, उरतं 2π − 2π = 0, आणि मूळ फंक्शनही तिथे 0. म्हणजे 2x sin x चं चिन्ह बरोबर आहे. ते उलटं असतं तर दोन्ही 2π एकमेकांना कापले गेले नसते. उरली −2 cos x.

किंमत निवडताना एक खड्डा आहे. सोपं म्हणून सगळे x = 0 टाकतात. इथे 0 टाकलंस तर चुकीच्या उत्तराचंही 0 येतं आणि मूळ फंक्शनचंही 0, दोन्ही जुळतात आणि चूक लपते. ज्या किंमतीला मूळ फंक्शन शून्य होतं तेवढी एकच किंमत वापरून निर्धास्त व्हायचं नाही.

याच जागी अडखळत असशील, म्हणजे डिफरन्शिएट करतानाच cos चं sin की −sin हा गोंधळ होत असेल, तर आलेख आठव. 0 पाशी cos x सगळ्यात वर असतो आणि तिथून उतरायला लागतो. उतरता आलेख म्हणजे निगेटिव्ह डेरिव्हेटिव्ह, म्हणून −sin x. त्याचप्रमाणे cot आणि cosec यांच्या डेरिव्हेटिव्हलाही मायनस, आणि sin, tan, sec ला नाही. इंटिग्रेशनची सूत्रं वेगळी पाठ करू नकोस, याच यादीवरून उलटी वाच.

पाचवी तपासणी: सबस्टिट्यूशनमध्ये दोन मायनस येतात, दोन्ही मोज

∫ x(1 − x)⁵ dx, लिमिट 0 ते 1. यात t = 1 − x घेतलं की dx = −dt, आणि लिमिट 1 ते 0 होतात. पहिला मायनस dt चा, दुसरा लिमिट सरळ करताना मिळणारा. दोन्ही मिळून प्लस, आणि उरतं ∫ (t⁵ − t⁶) dt, 0 ते 1, म्हणजे 1/6 − 1/7 = 1/42. उत्तर −1/42 आलं असेल तर दोनपैकी एकच वापरलाय: एक तर dt चा मायनस लिहिला आणि लिमिट तशाच 0 ते 1 ठेवल्या, नाहीतर लिमिट उलटल्या आणि dt चा मायनस विसरला. मूळ फंक्शन 0 ते 1 मध्ये पॉझिटिव्ह आहे, तेव्हा ही चूक पहिल्याच तपासणीत पकडली जाते.

सहावी तपासणी: वर्गमूळातून बाहेर पडणारं चिन्ह

ही सगळ्यात अवघड, कारण वहीत एकही मायनस चुकलेला दिसत नाही.

∫ √(1 + cos 2x) dx, लिमिट 0 ते π. आतलं 2cos² x होतं, मुळातून बाहेर √2 cos x काढलं, इंटिग्रेशन √2 sin x, आणि लिमिट टाकल्या की 0. सगळ्या ओळी गुळगुळीत. पण वर्गमूळ निगेटिव्ह नसतं आणि इथे ते बहुतेक ठिकाणी शून्याहून मोठं आहे, मग बेरीज शून्य कशी?

√(cos² x) म्हणजे cos x नाही, |cos x|. π/2 च्या पुढे cos x निगेटिव्ह होतो, तिथे −cos x घ्यावा लागतो. म्हणून π/2 ला तुकडा पाडायचा. पहिल्या तुकड्यातून √2 येतात, दुसऱ्यातूनही √2, एकूण 2√2. वर्गमूळाखाली पूर्ण वर्ग दिसला की थांबून विचार: या लिमिटच्या आत हे चिन्ह बदलतं का? बदलत नसेल तर तुकडे नकोत: पूर्णभर पॉझिटिव्ह असेल तर मॉड नुसता काढ, पूर्णभर निगेटिव्ह असेल तर मॉड काढताना मायनस लाव.

क्षेत्रफळाच्या गणितात मात्र उत्तर निगेटिव्ह आलं म्हणजे चूकच असं नाही. y = x² − 4x आणि X-अक्ष यांच्यामधलं 0 ते 4 चं इंटिग्रेशन −32/3 च येतं, कारण तो भाग अक्षाच्या खाली आहे. क्षेत्रफळ 32/3 लिहायचं आणि एका ओळीत कारण द्यायचं. वक्र मध्येच अक्ष ओलांडत असेल तर मात्र शेवटी मायनस पुसून भागत नाही, तिथेही तुकडेच पाडावे लागतात.

कुठे थांबायचं, आणि सरांकडे कधी जायचं

आधी परीक्षेतलं. उत्तर चुकलंय असं पहिल्या तपासणीत कळलं पण चुकलेली ओळ सापडली नाही, तर शेवटच्या ओळीत मायनसचा प्लस करून ठेवू नकोस. वरच्या पायऱ्या एक सांगतात आणि उत्तर दुसरंच, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं. एकदा तिसरी तपासणी कर, नाही सापडलं तर खूण करून पुढच्या गणिताकडे जा. वेळ उरला तर परत ये आणि जुनं न बघता कोऱ्या जागेवर पुन्हा सोडव. जुनं वाचलंस की डोळे तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतात.

घरी सराव करताना काही बिघाड दिसतात तसे नसतात. −1/√(1 − x²) चं इंटिग्रेशन तू −sin⁻¹ x + c लिहिलंस आणि पुस्तकात cos⁻¹ x + c आहे, तर चिन्ह शोधत बसू नकोस. x = 0 टाक: 0 आणि π/2, फरक π/2. x = 1 टाक: −π/2 आणि 0, फरक पुन्हा π/2. फरक दोन्हीकडे तोच, म्हणजे तो c मध्ये जातो आणि दोन्ही उत्तरं बरोबर.

फरक बदलत असेल आणि तरी तुझं उलटं डिफरन्शिएट केलेलं दोन वेगळ्या किंमतींना जुळत असेल, तर आधी प्रश्न नीट उतरवलाय का ते बघ. तोही बरोबर असेल तर ते गणित सरांकडे ने. मागच्या पानावर छपाईची चूक असू शकते आणि ते ठरवणं त्यांचं काम आहे. कोऱ्या कागदावर दोनदा सोडवून दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर आलं, तरी सरांकडेच जा. मग बहुधा चिन्ह नाही, एखादं सूत्रच चुकीचं पाठ झालंय, आणि ते स्वतःला दिसत नाही. मॉडचे तुकडे कुठे पाडायचे हे तीन-चार गणितांनंतरही कळत नसेल, तर आलेख काढून समजावून घ्यावं लागतं, पत्रातून ते होणार नाही.

सरांकडे जाताना फक्त उत्तर घेऊन जाऊ नकोस. मूळ प्रश्न, खाडाखोड न केलेली तुझी पूर्ण वही आणि दोन उत्तरांमधला फरक, एवढं ने. फरक बघून ते नेमक्या ओळीवर बोट ठेवतील.

— ताई